एकशे सदतिसावं घर

वहीताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांना कोंडीत पकडायच्या तयारीनेच. माझं कामच तसं आहे. कुणी सर्वेक्षण करून आकडे मांडले की ते तपासायला आमचं खातं मला बसवतं. किती माणसं घेतली, कशी निवडली, जी सापडली नाहीत त्यांचं काय केलं, असं मी विचारत जातो. एक उत्तर मिळालं की त्यातूनच पुढचा प्रश्न काढतो. ऑफिसात मला 'उलटतपास' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण भिंतींना कान असतात तसे माझ्या टेबलालाही आहेत. खरं सांगायचं तर मला त्या नावाचा अभिमान होता. सतरा वर्षांत माझ्या हातून कच्चा आकडा सुटलेला नव्हता.

त्या दिवशी समितीसमोर जो अहवाल होता तो एका कारखान्याच्या वस्तीचा. कारखान्यात दगड दळून त्याची बारीक पांढरी पूड करत. ज्या खात्यात दळणं चाले त्याला सगळे दळणखातं म्हणत. ती पूड श्वासातून छातीत जाते, फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. वस्तीतल्या दवाखान्याच्या परिचारिकेने सहा बायकांना हाताशी घेऊन घरोघर पाहणी केली होती. नियम असा होता की दळणखात्यात काम केलेल्यांपैकी शेकडा वीसपेक्षा जास्त माणसांच्या छातीत दोष निघाला, तर धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसेपर्यंत खातं बंद ठेवायचं आणि तिथल्या कामगारांना दुसरं काम द्यायचं. अहवालातला आकडा होता बावीस.

परिचारिका आत आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने किरकोळ, पायात झिजलेल्या चपला आणि छातीशी धरलेली जाड वही. कोपरे झिजून गोल झालेले, मधे दोऱ्याने शिवलेली. वस्तीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. कुणाला ताप आला, कुणाचं मूल जन्मलं, कुणी घर सोडलं, सगळं त्या वहीत, म्हणून त्या वहीताई. बोलायला उभ्या राहिल्या तेव्हाही वही छातीशीच होती, आवाज मात्र ठाम. चोवीसशे घरांची वस्ती, घरटी एक तरी माणूस दळणखात्यात, त्यातली दोनशे चाळीस घरं घेतली, प्रत्येक घरातला एक माणूस तपासला, एक्स-रेच्या गाडीत फोटो काढले, त्रेपन्न जणांत दोष निघाला. झालं. दहा मिनिटांत त्या खाली बसल्यासुद्धा.

पहिला हल्ला कारखान्याच्या डॉक्टरांनी केला. गुळगुळीत माणूस. बोलताना चष्मा पुसायची सवय होती, म्हणजे समोरच्याकडे बघावं लागत नाही.

"चोवीसशे घरं आणि तपासली दोनशे चाळीस. नव्वद टक्के घरांत तुम्ही पाऊलच ठेवलं नाही. एवढ्यावरून खातं बंद करायचं?"

वहीताई परत उभ्या राहिल्या. "साहेब, पातेल्यात मीठ बरोबर आहे का ते चमचाभर चाखून कळतं. पातेलं मोठं म्हणून चमचा मोठा घ्यावा लागत नाही. पाचातला एक आजारी असेल असा अंदाज धरला आणि पाच टक्के इकडेतिकडे चालतील असं ठरवलं, तर अडीचशेच्या आसपास माणसं पुरतात. हिशोब जोडलाय."

हिशोब खरोखरच जोडलेला होता, आणि बरोबर होता. मी मनात म्हटलं, शाब्बास.

"म्हणजे तुमचा बावीस हा सतराही असू शकतो," डॉक्टर म्हणाले.

"असू शकतो. सत्तावीसही असू शकतो."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर हसू आलं. बाईंनी बाजी मारली असं सगळ्यांना वाटलं. इथे मी गप्प बसलो असतो तर अहवाल पास झाला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण सतरा वर्षांची सवय जिभेवर बसलेली.

"बाई, चमचाभर चाखलं हे ठीक. पण त्याआधी पातेलं ढवळलं होतं का?"

त्यांना प्रश्न लगेच कळला. "घरं आम्ही वेचली नाहीत साहेब. वस्तीच्या यादीला क्रमांक होते. एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या, सात निघाला. म्हणून सातवं, सतरावं, सत्ताविसावं, असं दर दहावं घर."

"घरातला माणूस?"

"दळणखात्यात काम केलेल्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. एक उचलायची."

"आणि दाराला कुलूप असलं तर?"

इथे पहिल्यांदा त्या थांबल्या. "तीनदा गेलो. तरी कुलूप असलं तर शेजारचं घर घेतलं. दोनशे चाळीस भरायचे होते."

ही चूक मला पाठ आहे. प्रामाणिक माणसंच ती करतात. दिलेला आकडा भरला नाही तर काम अर्धवट राहिलं असं त्यांना वाटतं. कुलूप लागलेलं घर हे नुसतं कुलूप नसतं. आतला माणूस कुठे गेला, का गेला, हीच तर बातमी असते. शेजारचं उघडं घर घेतलं की ती बातमी पुसली जाते. म्हणून ते घर तसंच रिकामं दाखवायचं, त्याच्या जागी दुसरं आणायचं नाही.

"किती घरं अशी बदलली?"

"एक्केचाळीस."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मी फॉर्मांचा गठ्ठा पुढे ओढला. बाईंनी बदललेल्या प्रत्येक घराची नोंद ठेवली होती, तीन फेऱ्यांच्या तारखांसकट. लपवालपवी करायची असती तर त्यांना फार सोपं होतं. मी चाळत गेलो. एका फॉर्मावर तारखा नव्हत्या.

"एकशे सदतीसच्या जागी एकशे अडतीस घेतलंय. इथे फेऱ्यांच्या तारखा नाहीत. कुलूप नव्हतं का?"

"नव्हतं."

"मग घर का बदललं?"

वहीताईंनी वही टेबलावर ठेवली. "ते माझं घर आहे साहेब. माझा मुलगा दळणखात्यात आहे. घरचाच माणूस मोजला तर लोक म्हणतील, आई आहे, आकडा फुगवणारच. म्हणून सोडलं."

मग डॉक्टर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे कुठलं घर घ्यायचं आणि कुठलं नाही, ते ताईंनी मनाने ठरवलं. मला आणखी काही विचारायचं नाही."

अहवाल परत गेला. पाहणी दुरुस्त करून पुन्हा मांडा, असा शेरा. एक्स-रेची गाडी दुसऱ्या जिल्ह्यात पाठवायची होती, समितीची पुढची बैठक कधी ते ठरलेलं नव्हतं. वर्ष जाणार हे उघड होतं. तोवर दळणखातं चालू.

घरी आल्यावर मी बायकोला फुशारकीने सांगितलं की आज तारखा नसलेला एकच फॉर्म कसा बरोबर पकडला. ती कणीक मळत होती. म्हणाली, "त्या बाईच्या मुलाचं काय?"

"त्याचं काय म्हणजे?"

"तो खोकतो का, ते विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. दिवसभर मी प्रश्नांचा पाऊस पाडला होता आणि हा एक प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मी बायकोवर चिडलो. खरं तर स्वतःवर चिडलो होतो, पण बायको जवळ होती.

आठवड्याने वहीताई माझ्या टेबलासमोर हजर. हातात वही. मला वाटलं, शिव्या घालायला आल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, चूक दाखवलीत, आता दुरुस्त कशी करायची तेही सांगा. सगळं नव्याने करायला गाडी नाही आणि माणसंही नाहीत."

मी सांगितलं. बदललेली एक्केचाळीस घरं काढून टाका. मूळ यादीतली एक्केचाळीस घरं परत घ्या. कुलूप असेल तर शेजाऱ्यांना विचारा, माणूस गेला तिथपर्यंत जा. मेला असेल तर दवाखान्याचे कागद मिळवा. आणि इतकं करूनही जो सापडणार नाही त्याला निरोगी धरा, म्हणजे आकडा फुगवला असं कुणी म्हणू शकणार नाही.

त्या वहीत लिहून घेत होत्या. शाळकरी अक्षर, प्रत्येक ओळीखाली रेघ.

"आणि एकशे सदतीस?" मी विचारलं.

"ते आधी," त्या म्हणाल्या.

मी बरोबर गेलो. खात्याच्या भाषेत 'देखरेख', पण खरं कारण बायकोचा प्रश्न. वस्तीत सगळ्यावर पूड होती. छपरांवर, पाण्याच्या पिंपांच्या झाकणांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. एकशे सदतीस म्हणजे दोन खोल्या. दारात मुलाचे कामाचे बूट, मूळ रंग कोणता ते कळू नये असे पांढरे. मुलगा सव्वीस वर्षांचा, उंच, हसरा. सात वर्षं दळणखात्यात. आईला चिडवायला म्हणाला, "आली का वही? आता मलाही कोंबणार आत?" आणि वाक्य पुरं करायला त्याला मधे एकदा थांबावं लागलं.

मी वहीताईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती.

घरात दळणखात्यातला तो एकटाच, तरी त्यांनी चिठ्ठी केली. एकच चिठ्ठी. घडी घातली, उचलली, उघडली. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. मुलाने फॉर्मावर सही केली, आईने प्रश्न विचारले. खोकला किती दिवस? जिना चढताना दम लागतो का? वजन उतरलं का? ज्या बाईने त्याला रोज जेवायला वाढलं, ती त्याला विचारत होती वजन उतरलं का, आणि तो म्हणत होता, "थोडं." फॉर्मावर 'थोडं'साठी रकाना नव्हता. त्यांनी 'हो'वर खूण केली.

फोटो मोठ्या दवाखान्यात काढला. काचेवर लावला तेव्हा दोन्ही बाजूंना वरच्या भागात पांढरे ठिपके दिसले. वाचायला डॉक्टर लागत नव्हता. बाहेरच्या बाकावर वहीताई माझ्या शेजारी बसल्या आणि पहिल्यांदाच वही बाजूला ठेवली.

"साहेब, समितीत मी खोटं बोलले."

"काय खोटं?"

"लोक काय म्हणतील म्हणून सोडलं असं म्हणाले. तेही होतं. पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती. दुसऱ्यांचे फोटो मी काढून घेतले. त्रेपन्न आयांना सांगितलं, ताई म्हणून. माझ्या घराशी आले आणि पाय पुढे जाईना. यादीत घर आलं होतं हो. चिठ्ठीनेच आलं होतं. मीच दार लावून घेतलं."

मी म्हणालो, "त्याला खात्यातून बाहेर काढा."

"म्हणते ना रोज. तो म्हणतो दुसरं काम कुठे आहे? अहवाल पास झाला की सगळ्यांनाच मिळेल, तोवर थांबू. तो थांबलाय. तुमच्या-माझ्या अहवालासाठी थांबलाय."

'तुमच्या-माझ्या' म्हणताना त्यांनी काही टोमणा मारला नव्हता. तरी मला लागायचं तिथे लागलं.

मग त्या चाळीस कुलपांच्या मागे लागल्या. दवाखान्याची ड्यूटी संपली की निघायच्या, रविवारी पूर्ण दिवस. सुट्ट्या मिळाल्या तेवढ्या संपवल्या. कुलूप का लागलं ते एकेक करून समजत गेलं. माणूस आजारी पडला, काम झेपेना, तेव्हा घर बंद करून गावी गेला. किंवा मेला, आणि बायको पोरं घेऊन माहेरी गेली. शेजाऱ्यांनी सांगितलेल्या पत्त्यावर सात-सात तास बसने जायच्या. दर पंधरवड्याला येऊन मला फॉर्म दाखवायच्या. मी तपासायचो, खोट काढायचो, त्या निमूट परत जायच्या. एकदा एका विधवेने कागद नाहीत म्हणून सांगितलं, तर तो माणूस वहीताईंनी न सापडलेल्यांत टाकला. मी म्हटलं, अहो, तो छातीनेच गेला हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "कागद नाही ना? मग निरोगी." मेलेला माणूस त्यांनी निरोगी लिहिला. माझ्यापेक्षा त्या पुढे गेल्या होत्या.

तिसऱ्या महिन्यात मुलाला काम झेपेनासं झालं. सहाव्या महिन्यात तो खाटेवर बसून झोपू लागला, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. मी दोनदा भेटून आलो. दुसऱ्या वेळी त्याने विचारलं, "किती घरं राहिली?" मी म्हटलं, नऊ. तो म्हणाला, "आईला सांगा, सावकाश कर. चुकू नको म्हणावं." एवढं बोलायला त्याला तीन श्वास लागले. आठव्या महिन्यात तो गेला. वहीताई दहा दिवस आल्या नाहीत. अकराव्या दिवशी आल्या आणि राहिलेल्या चार घरांचे फॉर्म मागितले.

समिती पुन्हा बसली ती दहा महिन्यांनी. तीच खोली, तेच अध्यक्ष, तेच डॉक्टर. वहीताई उभ्या राहिल्या. या वेळी वही छातीशी धरलेली नव्हती, आणि ते मला जास्त बघवेना.

"मूळ यादीतल्या दोनशे चाळीसपैकी एकशे नव्व्याण्णव घरं पहिल्या वेळीच झाली होती. त्यात चव्वेचाळीस जणांना दोष. राहिली एक्केचाळीस. त्यातली चाळीस कुलपाची. चौदा माणसं छातीच्या रोगाने वारली, कागद जोडलेत. अकरा आजारी पडून गावी आहेत, फोटो जोडलेत. नऊ ठणठणीत, दुसरीकडे कामाला. सहांचा पत्ता किंवा कागद मिळाला नाही, ते निरोगी धरलेत. एक घर उघडं होतं, त्यातल्या माणसाला दोष. एकूण दोनशे चाळीसात सत्तर. शेकडा एकोणतीस. इकडेतिकडे धरूनही तेविसाच्या खाली येत नाही."

म्हणजे पहिला बावीसचा आकडा फुगवलेला नव्हताच. उलट जी माणसं आजाराने घर सोडून गेली तीच त्यातून गळाली होती. माझा प्रश्न बरोबर होता. हे मी लिहितोय तेव्हाही मला तो बरोबरच वाटतो, आणि त्याचा मला काही उपयोग होत नाही.

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. "ते उघडं घर, एकशे सदतीस. मागच्या वेळी तुम्ही ते वगळलं होतं. आता घेतलं. आकडा सोयीचा करण्यासाठी?"

अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर, राहू द्या." त्यांना बातमी कळली होती.

"राहू कशाला द्यायचं? विचारू द्या," वहीताई म्हणाल्या. "वगळलं ती माझी चूक. यादीत आलं होतं म्हणून आता घेतलं. ते काढून बघा हवं तर. दोनशे एकोणचाळीसात एकोणसत्तर. तरीही एकोणतीसच येतात." मग त्यांनी फॉर्म काढून वाचला, बाकीचे वाचले तसाच. "घर एकशे सदतीस. पुरुष, वय सव्वीस. दळणखात्यात सात वर्षं. खोकला, हो. दम, हो. वजन उतरलं, हो. फोटोत दोष, दोन्ही बाजू. पाहणी चालू असताना मृत्यू. नोंद घेणाऱ्याशी नातं, आई." फॉर्म उलटा करून त्यांनी गठ्ठ्यावर ठेवला. "आणखी काही विचारायचंय?"

डॉक्टरांनी नाही म्हटलं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मीही नाही म्हटलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

अहवाल मंजूर झाला. दळणखातं बंद करायचा हुकूम त्याच दुपारी टाइप झाला. मी तो वाचला, त्यात चूक नव्हती.

बाहेर वरांड्यात वहीताई पिशवीत वही ठेवत होत्या. मी जवळ गेलो. अभिनंदन म्हणण्याची हिंमत नव्हती. त्याच म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? पहिल्या दिवशी तुम्ही तारखांचं विचारलं नसतं, तर त्या दिवशीच खातं बंद झालं असतं. तोही तेव्हाच बाहेर पडला असता. मग वाचला असता का?"

मी तोंड उघडलं. म्हणणार होतो की तेव्हाच उशीर झाला होता, पूड बसली की बसतेच. म्हणणार होतो की कारखान्याने तो कच्चा आकडा महिन्याभरात मोडून काढला असता. पण ठिपके ज्याच्या छातीत आहेत तो पुढे धुळीत राहिला तर लवकर जातो, हेही मला माहीत होतं. किती लवकर, ते माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही, ताई."

त्यांनी मान हलवली. फॉर्म तपासताना मी जशी हलवतो, अगदी तशीच.

"हो ना. एका माणसावरून कसं सांगता येणार?" त्या म्हणाल्या, आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरू लागल्या.